‘कालपर्यंत चालत होते का?’ : हेल्प डेस्कवरच्या तिकिटांची विभागणी

हेल्प डेस्कवर येणारा जवळजवळ प्रत्येक फोन ‘एक प्रॉब्लेम आहे’ या वाक्याने सुरू होतो. मात्र तिकीट प्रणालीत ‘प्रॉब्लेम’ या शब्दाला फार मर्यादित अर्थ आहे, आणि नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. चालू असलेली सेवा अचानक बंद पडली किंवा मंदावली, तर तो इन्सिडंट. पूर्वी नसलेली, पण नियमाने मिळू शकणारी गोष्ट कोणी मागितली, तर ती सर्व्हिस रिक्वेस्ट. एका किंवा अनेक इन्सिडंटमागे दडलेले कारण म्हणजे प्रॉब्लेम.

पहिल्या दोहोंमधला फरक तक्रारीच्या शब्दांवरून कळत नाही. ‘माझ्याकडून फोल्डर उघडत नाही’ असे लिहिणाऱ्याला मी आधी ‘कालपर्यंत उघडत होते का?’ एवढेच विचारतो. उघडत असेल, तर तो इन्सिडंट आहे आणि काम लवकरात लवकर सुरू करून देणे हे आपले काम. कधीच उघडले नसेल, तर ती रिक्वेस्ट आहे आणि फोल्डरच्या मालकाची मंजुरी आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. सुरुवातीला मी अशी एक रिक्वेस्ट इन्सिडंट म्हणून नोंदवली. इन्सिडंटची चार तासांची मुदत संपत आल्याच्या घाईत आमच्यातल्या एकाने मंजुरी न घेताच परवानगी देऊन टाकली आणि पगाराच्या फाइली भलत्याच व्यक्तीला दिसू लागल्या. रिक्वेस्टची मुदत मंजुरी मिळाल्यापासून मोजावी, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

प्रॉब्लेम ओळखणे याहून अवघड, कारण त्याची तक्रार कोणीच करत नाही. पुण्यातील एका कार्यालयात मी काम करत असताना तिसऱ्या मजल्यावरून तीन आठवड्यांत ‘वायफाय जोडले जाते, पण इंटरनेट नाही’ अशी अकरा तिकिटे आली. बहुतेक तिकिटे ‘लॅपटॉप रिस्टार्ट केला, चालू झाले’ या शेऱ्यानिशी बंद झाली होती. प्रत्येक तिकीट मुदतीत सुटल्यामुळे अहवाल उत्तम दिसत होता. मी ती एकत्र वाचली, तेव्हा एक गोष्ट खटकली : तक्रार करणारे बहुतेक जण दीर्घ रजेवरून किंवा दौऱ्यावरून परतलेले होते, रोज जागेवर बसणाऱ्यांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती.

पुढच्या तक्रारीच्या वेळी रिस्टार्ट करण्याआधी मी `ipconfig` चालवून पाहिले. पत्ता `169.254` ने सुरू होत होता, म्हणजे डीएचसीपी सर्व्हरकडून लॅपटॉपला पत्ता मिळालेलाच नव्हता. सर्व्हरवर ही आज्ञा दिली :

```
Get-DhcpServerv4ScopeStatistics
```

त्या मजल्याच्या वायफायसाठी राखलेले २३० पत्ते जवळजवळ सगळे वापरात होते. लीज, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवण्याची मुदत, विंडोज सर्व्हरच्या मूळ मांडणीप्रमाणे आठ दिवसांची होती आणि पाहुण्यांचे फोनही त्याच पट्ट्यातून पत्ता घेत होते. तासाभरासाठी आलेल्या माणसाचा फोन आठ दिवस एक पत्ता अडवून ठेवत होता. रोज येणाऱ्याची लीज मुदत संपण्याआधीच वाढत राहते. दहा दिवस रजेवर गेलेल्याची मात्र तोवर संपलेली असते आणि परतल्यावर त्याला रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. रिस्टार्टने काम होई, ते त्याच सुमारास दुसरा एखादा पत्ता मोकळा झाला तरच. म्हणून तो उपाय खरा वाटत असे.

मी प्रॉब्लेमचे वेगळे तिकीट उघडून त्याला ती अकरा तिकिटे जोडली. कारण सापडेपर्यंत इन्सिडंट उघडे ठेवण्याचा मोह नवख्यांना होतो. तो टाळावा, कारण समोरच्याला आज काम करायचे असते. प्रॉब्लेमच्या तिकिटात तात्पुरता उपाय स्पष्ट लिहिला : `169.254` दिसल्यास रिस्टार्टमध्ये वेळ न घालवता केबल जोडून द्यावी (केबलच्या जोडणीचा पट्टा वेगळा होता), प्रॉब्लेमचा क्रमांक नोंदवावा आणि इन्सिडंट बंद करावा. या तिकिटाला मी तासांची मुदत लावू दिली नाही. शोधाला घड्याळ लावले की लोक पहिले पटणारे कारण लिहून मोकळे होतात. त्याऐवजी दर आठवड्याला आढावा ठेवला.

कायमचा उपाय म्हणजे पाहुण्यांचे वायफाय वेगळ्या पट्ट्यावर नेणे आणि तिथली लीज आठ तासांची करणे. हा चालू यंत्रणेतला बदल असल्याने त्यासाठी चेंज रिक्वेस्ट लागली आणि काम शनिवारी संध्याकाळी झाले. प्रॉब्लेमचे तिकीट मात्र मी त्या दिवशी बंद केले नाही. दोन आठवडे पत्त्यांची आकडेवारी पाहत राहिलो. त्या काळात वायफायची एकच तक्रार आली, आणि ती त्या अकरांपैकीच एकाची होती. या वेळी पत्ता व्यवस्थित होता, बिघाड लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये होता. त्याचे आधीचे तिकीट मी केवळ मजला पाहून जोडले होते. ती जोडणी काढली आणि मगच प्रॉब्लेम बंद केला.