कागदावरची चांदणी शिवायला बसण्याआधी

आमच्या कोल्हापुरात वाकळ शिवताना कोणी मोजपट्टी घेत नाही, टाका डोळ्यानेच धावतो. छापील कागदावर कापड ठेवून रेघेवर शिवायच्या आणि शेवटी कागद फाडून काढायच्या टोकदार चांदणीचं तसं नाही. तिचं टोक शिवणीबाहेर सोडलेल्या पाव इंचाच्या मायेवर टिकतं किंवा जातं, म्हणून सगळी तयारी त्या पाव इंचासाठी करायची.

चांदणी नऊ इंचांची धरू. तीन इंचांचे नऊ चौकोन, पैकी मधला आणि कोपऱ्यांतले चार साधे. उरलेल्या चार चौकोनांत एकेक उभा त्रिकोण, ज्याचं टोक बाहेरच्या कडेच्या बरोबर मध्यावर येतं. कागद लागतात ते फक्त या चार चौकोनांना.

आधी ते कागद. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेत असाल तर पडद्यावर Actual size निवडलंय का ते स्वतः वाकून बघा. माझी एक अख्खी चांदणी Fit मुळे बारीक झाली आणि साध्या चौकोनांशी जुळेचना. छापलेला चौकोन पट्टीने मोजा: आतली रेघ तीन इंच, बाहेरची साडेतीन. कागद जितका पातळ तितका नंतर सहज फाटतो. पावसाळ्यात तो दमट होऊन मऊ पडतो, म्हणून मी कागद पाटाखाली दाबून ठेवते.

कापड इचलकरंजीचं साधं पॉपलीन उत्तम. धुऊन, हलकी खळ देऊन, कोरडी इस्त्री केलेलं. त्रिकोणांसाठी चार इंचांचे चार चौकोन, दोन्ही बाजूंसाठी अडीच बाय पाच इंचांच्या आठ पट्ट्या आणि साडेतीन इंचांचे पाच साधे चौकोन कापून ठेवा. पट्ट्या मोठ्या वाटतील, पण तिरक्या रेघेवर शिवून उलटल्यावर कोपरा उघडा पडतो तो इथेच कंजुषी केल्यामुळे.

मशीनला चौदा नंबरची सुई लावा. तिची भोकं मोठी पडतात आणि कागद नंतर त्या रेघेवर सहज फाटतो. मग टाका बारीक करा. नेहमीचा टाका अडीच मिलीमीटरचा असतो, इथे दीड हवा. जुन्या काळ्या मशीनच्या दांडीवरचे आकडे मिलीमीटर सांगतीलच असं नाही, म्हणून कोऱ्या कागदावर बिनदोऱ्याची एक रेघ मारून एका इंचातली भोकं मोजा. सतरा भरली की दांडी तिथेच ठेवा. दहा-अकराच आली तर कागद ओढताना टाके ताणले जातील आणि टोकापाशी शिवण उघडी पडेल. फार बारीकही नको. कागद शिवतानाच सुटतो आणि चुकलेली शिवण उसवताना कापडाचे धागे निघतात.

आता हाताशी एक जुनं पोस्टकार्ड, मोजपट्टी आणि धारदार कात्री. त्रिकोणाचं कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला, सुलट बाजू वर करून टाचायचं. पुढच्या रेघेवर पोस्टकार्ड ठेवून कागद त्याच्यावर दुमडायचा आणि दुमडीच्या बाहेर पाव इंच मोजून जास्तीचं कापड कापायचं. त्या कापलेल्या कडेला कापडाच्या पट्टीची कड लावली, सुलटीवर सुलट, की अंदाज करावा लागत नाही. छापील बाजू वर घेऊन रेघेवर शिवायचं, आणि शिवण रेघेच्या दोन्ही टोकांपुढे मायेत थोडी न्यायची. दोन शिवणी टोकापाशी एकमेकींना छेदून गेल्या पाहिजेत. रेघेवरच थांबलात तर टोक सैल राहतं. पट्टी उलटून कापडाच्या बाजूने इस्त्री करा, वाफ बंद ठेवून. वाफेने कागद आक्रसतो, आणि छापील बाजूला इस्त्री लागली तर शाई तळाला चिकटते. गडद कापडाची माया फिक्या कापडाखालून दिसत असेल तर ती फिक्यापेक्षा जराशी आत कापा.

तिन्ही तुकडे बसले की चौकोन बाहेरच्या रेघेवर कापायचा. सगळ्यात जास्त चांदण्या मोडतात त्या इथे, कारण हात सवयीने आतल्या रेघेकडे जातो. मी बाहेरची रेघ आधीच लाल पेनने गिरवून ठेवते. कापून झाल्यावर त्रिकोणाचं टोक कापडाच्या कडेपासून पाव इंच आत दिसलं पाहिजे. ते कडेला टेकलेलं दिसलं, तर पुढच्या शिवणीत नक्की गिळलं जाईल. तो चौकोन बाजूला ठेवून दुसरा करा.

टाचण्या बारीक घ्या. जोडताना टाचणी एका चौकोनाच्या कोपऱ्यातून सरळ खाली दुसऱ्याच्या कोपऱ्यात उतरवायची आणि ती उभी असतानाच शेजारी दुसरी टाचणी लावायची. कागद मात्र एवढ्यात काढू नका. चौकोन चारी बाजूंनी शिवला गेला की मगच रेघेवर दुमडून, शिवणीवर अंगठा दाबून फाडा. चांदणीच्या बाहेरच्या कडेला टोकं आहेत, तिथला कागद शेजारची चांदणी जोडेपर्यंत राहू दे.