पीपीटीच्या स्लाइड मोजून टाइमटेबल बनवताय? या चुका टाळा

रत्नागिरीकडच्या पोरांचा सेमिस्टरचा अभ्यास म्हणजे सरांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली पीपीटी, आणि त्यावरून टाइमटेबल बनवायचं म्हटलं की सगळे एकच करतात, एकूण स्लाइड भागिले उरलेले दिवस, झालं टाइमटेबल. पहिले चार दिवस मस्त जातात (सुरुवातीचे टॉपिक सोपेच असतात ना) आणि मग गाडी अशी अडकते की विचारू नका. स्लाइड मोजणं चूक नाहीये, पण मोजायचं काय आणि त्याला गुणायचं कशाने हे कळलं पाहिजे. उदाहरणाला कॉम्प्युटर नेटवर्क्स घेऊ, त्यात सगळ्या भानगडी एकत्र सापडतात.

समजा डेक २५० पानांचा आहे. ओळख, टोपोलॉजी आणि ओएसआय मॉडेल ५८ पानं, डेटा लिंक ४६, आयपी अॅड्रेसिंग-सबनेटिंग १८, राउटिंग ६४, टीसीपी वगैरे ३४, अॅप्लिकेशन लेयर ३०. अभ्यासाला एकूण ४० तास आहेत, त्यातले ८ जुन्या पेपरांसाठी आधीच बाजूला काढा, राहिले ३२. आता नुसत्या पानांवर वाटलं तर ओळखीला येतात जवळजवळ साडेसात तास आणि सबनेटिंगला सव्वादोन! जो टॉपिक बसमध्ये वाचून होतो त्याला तिप्पट वेळ, आणि जिथे पेपरात गणित येतं तिथे एक संध्याकाळ.

पहिली चूक इथेच आहे, पीडीएफचा पान नंबर म्हणजे स्लाइड नाही. टायटल, अजेंडा, 'एनी क्वेश्चन्स', थँक यू, नुसता राउटरचा फोटो, हे सगळं वजा करा. त्याहून मोठी गडबड राउटिंगमध्ये असते. डायक्स्ट्राचं एक उदाहरण सर एकेक पायरी उघडत दाखवतात, आणि डेक लॅटेकच्या बीमरमध्ये बनवलेला असेल तर प्रत्येक पायरी पीडीएफमध्ये वेगळं पान होते, म्हणजे एक उदाहरण आणि ३० पानं. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यात छापलेला स्लाइड नंबर बघा, पान पुढे सरकतंय आणि तो नंबर तिथेच आहे म्हणजे ती एकच स्लाइड. काही सर पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड कॉपी करून करून हेच करतात, तिथे नंबरही वाढतो, मग हेडिंग आणि आकृती तीच आहे का एवढंच बघायचं. अशी चाळणी लावली की आपल्या डेकमध्ये उरतात ओळख ४०, डेटा लिंक ४०, सबनेटिंग १६, राउटिंग २४, टीसीपी ३०, अॅप्लिकेशन २०.

दुसरी चूक डिफिकल्टीच्या आकड्याची. पोरं १ ते १० मार्क देतात, सबनेटिंगला ९, ओळखीला १, आणि गुणाकार केल्यावर सबनेटिंग सगळं टाइमटेबल गिळून टाकतं. हा आकडा गुणायला वापरतोय ना आपण, मग ९ चा अर्थ होतो एका स्लाइडला नऊपट वेळ, तेवढा खरंच लागतो का? १, २, ३ पुरे. आणि तो आकडा भीतीवरून देऊ नका, घड्याळावरून द्या. प्रत्येक टॉपिकच्या मधल्या पाच स्लाइड घ्या, वाचून नोट्स काढून पुस्तक मिटून स्वतः सांगता येईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. ओळखीच्या पाच स्लाइडना अर्धा तास आणि सबनेटिंगच्या पाचांना दीड तास लागला, तर ते १ आणि ३.

सबनेटिंगला एवढा वेळ का, तर स्लाइडवर दोनच ओळी असतात, 192.168.10.0/26, चार सबनेट, प्रत्येकात ६२ होस्ट. वाचायला दहा सेकंद. पण ६४ मधून नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट असे दोन अॅड्रेस का वजा झाले, दुसरा सबनेट .64 लाच का सुरू होतो, हेच /27 आणि /28 ला करून बघितल्याशिवाय हात बसत नाही. "दादा, १८च तर स्लाइड आहेत, आज रात्री उडवतो" म्हणणारा दुसऱ्या दिवशी पण तिथेच असतो. तसंही, स्लाइड कमी म्हणजे बऱ्याचदा सर ते फळ्यावर शिकवतात. सिलॅबसमध्ये युनिटपुढे तास दिलेले असतात ते बघा, तास भरपूर आणि स्लाइड मोजक्या असतील तर त्या टॉपिकचा आकडा एकने वाढवा.

आता हिशोब, एक्सेलच्या शीटमध्ये. B मध्ये स्लाइड, C मध्ये डिफिकल्टी, D मध्ये गुणाकार, E मध्ये तास.

```
D2: =B2*C2
E2: =D2/SUM(D$2:D$7)*32
```

डेटा लिंक आणि टीसीपीला २, सबनेटिंग-राउटिंगला ३, बाकीच्यांना १ दिला की पॉइंट येतात ४०, ८०, ४८, ७२, ६०, २०, बेरीज ३२०. म्हणजे एका पॉइंटला सहा मिनिटं, आणि तास ४, ८, ४.८, ७.२, ६, २. सबनेटिंग सव्वादोनवरून पावणेपाचच्या वर गेलं. इथे डॉलर विसरलात तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंज पण खाली सरकते, शेवटच्या टॉपिकला एकट्यालाच ३२ तास येतात! E ची बेरीज ३२ आली का एवढं बघा, ती जास्त आली तर आधी डॉलर तपासा.

तास आले म्हणजे टाइमटेबल झालं असं नाही, ते कुठल्या वेळेत बसवताय त्यावर आहे. लांज्याहून एसटीने येणाऱ्याने पाली-हातखंब्याच्या वळणांवर राउटिंगचं टेबल सोडवायचं ठरवलं तर ते होणारे का? तिथे ओळख आणि अॅप्लिकेशन लेयर. पावसात संध्याकाळी लाइट जाते म्हणून संध्याकाळी कागदावर करायची गणितं ठेवा, स्क्रीन लागणारं सकाळी. आणि गणपतीचे दिवस सरळ शून्य लिहा, घरात चाकरमानी भरलेले असताना 'रात्री दोन तास करेन' हे कुणाचंच झालेलं नाही, ते ४० तासांत धरूच नका.

शेवटची चूक, मागे पडलं की उरलेलं सगळं उद्यावर ढकलणं. आधी बघा चुकलं काय. समजा ओळखीला ४ ऐवजी ५ आणि डेटा लिंकला ८ ऐवजी १० तास गेले. दोन्ही सव्वापट, म्हणजे डिफिकल्टी बरोबर आहे, तुमचा स्पीडच पॉइंटला साडेसात मिनिटं आहे. एकच टॉपिक लांबला असता तर फक्त त्याचा आकडा बदलायचा होता. आता उरलेत २०० पॉइंट, त्यांना लागणार २५ तास, हातात आहेत १७, म्हणजे जुन्या पेपरांचे आठच्या आठ तास खलास. ते देऊ नका. अॅप्लिकेशनचे अडीच तास एसटीत टाका (हा प्रवास ४० मध्ये धरला नसेल तरच), मग सिलॅबस उघडून राउटिंग आणि टीसीपीमध्ये सरांनी जास्तीचं काय घातलंय ते शोधा, राउटिंगच्या पाच आणि टीसीपीच्या सात स्लाइड गेल्या तरी २९ पॉइंट, साधारण साडेतीन तास सुटतात. अजून दोनेक तास कमी पडतायत ते एखाद्या रविवारी नवीन काढा, पण सबनेटिंगमधून कापू नका.