नवं सपोर्ट पोर्टल ग्राहकांच्या हाती देताना या चुका टाळा

अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट व्हॉट्सॲपवरून तिकीट पोर्टलवर न्यायचा ठरला की बदलाची तारीख हमखास महिन्याची १ तारीख पडते. कॅलेंडरवर ती नीटनेटकी दिसते, एवढंच. ग्राहकाच्या अकाउंटंटला ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. त्या गडबडीत तो नवा पासवर्ड कशाला बनवत बसेल? २५ नंतरचा मंगळवार किंवा बुधवार धरा. मार्च सोडून.

सगळ्यात जास्त माती होते ती लॉगिनच्या निमंत्रणात. समजा, शुक्रवारी संध्याकाळी १२० जणांना एकदम मेल गेला आणि लिंकची मुदत २४ तासांची आहे. सोमवारी मेल उघडणाऱ्या प्रत्येकाची लिंक मेलेली. मग ग्राहक Forgot password दाबतो. पोर्टल सांगतं, खातं असेल तर मेल पाठवला आहे. हे वाक्य नीट वाचा, त्यात ‘असेल तर’ आहे. नोंदणी मालकाच्या ईमेलवर झालेली असते, अकाउंटंट स्वतःचा जीमेल टाकतो आणि कधीच न येणाऱ्या मेलची वाट बघत स्पॅम धुंडाळतो. म्हणून लॉगिन होत नाही असा फोन आला, की पासवर्डला हात लावण्याआधी नोंदलेला ईमेल वाचून दाखवा. तो जुळला, तर मोबाइलचा कीबोर्ड बघायला सांगा: पासवर्डचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालंय का, ईमेलच्या शेवटी स्पेस पडली आहे का.

निमंत्रणं मंगळवारी सकाळी दहाला, वीस-वीसच्या गटात पाठवावीत आणि फोनवर माणूस बसवावा. पहिल्या गटाने घातलेला घोळ दुसऱ्या गटाच्या मेलमध्ये दुरुस्त करता येतो. एका झटक्यात सगळं उरकायची घाई असणाऱ्यांना हे पटत नाही. तेच मग आठवडाभर लिंका परत पाठवत बसतात.

एका फर्मसाठी एकच सामायिक लॉगिन देऊ नका. अकाउंटंट नोकरी सोडतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

चौदा पानी पीडीएफ कोणी वाचत नाही. लॉगिन, नवीन तिकीट, स्क्रीनशॉट जोडणं, उत्तर कुठे दिसतं: चार चित्रं, एक पान.

उरला जुना नंबर. तो ठरल्या दिवशी बंद केला तर ग्राहक थेट इंजिनिअरच्या खासगी मोबाइलवर येतो. नंबर तीन आठवडे चालू ठेवा, पण तिथे उत्तर देऊ नका. “साहेब, एवढं एकदा बघा ना, बिल प्रिंट होत नाहीये” असा मेसेज आला, की ग्राहकाच्या नावाने तिकीट स्वतः उघडा आणि फक्त तिकीट नंबर त्याला पाठवा. कोणी लाजेखातर व्हॉट्सॲपवरच उपाय सांगितला, तर तो ग्राहक पोर्टलकडे फिरकत नाही. आधीच्या अर्धवट तक्रारी मात्र तारखेच्या आदल्या दिवशी हाताने पोर्टलवर चढवा, नाहीतर ग्राहकाला पहिल्याच लॉगिनला रिकामी यादी दिसते आणि आपली तक्रार गायब झाली असं वाटून तो पुन्हा फोन लावतो.