बंद पडलेले फंड धरून खरा सरासरी परतावा कसा काढावा

‘या प्रकारच्या म्युच्युअल फंडांनी गेल्या पाच वर्षांत सरासरी 8.4 टक्के परतावा दिला.’ असे वाक्य वाचले की पहिला प्रश्न असा विचारायचा: ‘हे फंड’ म्हणजे नेमके कोणते? बहुतेक वेळा ही सरासरी आज चालू असलेल्या फंडांची असते. पाच वर्षांपूर्वी जे होते आणि मध्येच बंद झाले किंवा दुसऱ्यात विलीन झाले, ते यादीत नसतात. बंद होणाऱ्यांत रडतखडत चाललेलेच जास्त असतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप फुगते. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. तगले तेवढेच मोजायचे आणि त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलायचे, असा हा प्रकार आहे.

हा फुगवटा किरकोळ नसतो. अर्थशास्त्रज्ञ बर्टन माल्कील यांनी 1995 साली अमेरिकी शेअर फंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1982 ते 1991 या दहा वर्षांत तगलेल्या फंडांची सरासरी सगळ्या फंडांच्या सरासरीपेक्षा वर्षाला सुमारे 1.4 टक्क्यांनी जास्त दिसत होती. पुढच्याच वर्षी एल्टन, ग्रुबर आणि ब्लेक यांनी वेगळ्या पद्धतीने मोजले, तेव्हा फरक वर्षाला सुमारे 0.9 टक्के निघाला. एखादा फंड निर्देशांकाच्या पुढे की मागे, हे पुष्कळदा एवढ्याच फरकावर ठरते. म्हणून ही सरासरी स्वतः दुरुस्त करता आली पाहिजे. त्यासाठी स्प्रेडशीट, जुनी यादी आणि थोडी चिकाटी पुरते.

पायरी 1: यादी आजची नको, सुरुवातीच्या दिवसाची घ्या

सगळी चूक इथेच होते, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. आधी सुरुवातीची तारीख ठरवा. मग त्या दिवशी त्या प्रकारात जितके फंड होते, त्यांची यादी करा. ते आज आहेत की नाहीत, हे या टप्प्यावर बघायचेच नाही. फंडांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर ‘5 वर्षांचा परतावा’ असा फिल्टर लावला की पाच वर्षे जगलेलेच फंड समोर येतात. म्हणजे फिल्टर लावताक्षणी मेलेले गळालेले असतात.

जुनी यादी मिळते कुठे? फंड हाउसचे त्या वर्षीचे वार्षिक अहवाल, नियामकाकडे दाखल झालेली तेव्हाची कागदपत्रे, त्या काळातल्या वृत्तपत्रांत छापलेले एनएव्हीचे तक्ते, अशा ठिकाणी. एनएव्ही म्हणजे एका युनिटचे त्या दिवसाचे मूल्य. वाचनालयातले जुने अंक या कामात अनमोल ठरतात, कारण छापलेल्या तक्त्यातून नंतर कोणी नाव पुसू शकत नाही. अमेरिकी फंडांसाठी मार्क कारहार्ट यांनी मेलेल्या फंडांसह माहिती गोळा केली होती. त्यांच्या 1997 च्या प्रसिद्ध अभ्यासात 1962 ते 1993 या काळातले फंड आहेत. अशी तयार माहिती हाताशी असेल तर ही पायरी पटकन होते.

यादी करताना एक काळजी घ्या. एकाच फंडाचे दोन-तीन प्रकार वेगवेगळ्या शुल्कांचे असतील, तर त्यांतला एकच घ्या. नाहीतर मोठ्या फंडांना दुप्पट-तिप्पट वजन मिळते.

पायरी 2: प्रत्येकाचे पुढे काय झाले ते शोधा

यादीतल्या प्रत्येक नावापुढे चारपैकी एक शेरा येईल: चालू, विलीन, गुंडाळला, किंवा नाव बदलले. शेवटचा शेरा फसवतो. नाव बदललेला फंड मेलेला वाटतो आणि नव्या नावाने यादीत पुन्हा शिरला तर दोनदा मोजला जातो. यावर उपाय म्हणजे नावावर न जाता आयएसआयएन हा फंडाचा ओळख क्रमांक जुळवून बघणे, कारण नुसते नाव बदलले तर हा क्रमांक सहसा तोच राहतो. ज्या फंडाने मध्येच प्रकार बदलला, तोही यादीतून काढू नका. ज्याने सुरुवातीच्या दिवशी त्यात पैसे घातले, त्याचे पैसे त्याच फंडात होते.

विलीनीकरण नीट समजून घ्या. दोन फंड एक होतात तेव्हा नव्या फंडात सहसा एकाचाच इतिहास पुढे जातो. फंड हाउस साहजिकच चांगला इतिहास ठेवते. मागे पडलेल्या फंडाचे पैसे मात्र नव्या फंडात येतात आणि त्याची जुनी वर्षे तक्त्यातून नाहीशी होतात. वाईट वर्षे लपतात ती मुख्यतः अशी.

पायरी 3: मेलेल्या फंडातले पैसे पुढे न्या

मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा बंद झालेल्या फंडांची किंमत शून्य धरली होती. ते साफ चूक होते. फंड गुंडाळतात तेव्हा त्या दिवशीच्या एनएव्हीने पैसे परत मिळतात. विलीन होतो तेव्हा तेवढ्याच मूल्याचे नवे युनिट हातात पडतात. फंड संपतो, पैसे संपत नाहीत. म्हणून एकच प्रश्न विचारत राहायचे: सुरुवातीला 100 घातलेल्या माणसाकडे शेवटी किती उरले?

उदाहरणासाठी आकडे धरू. सुरुवातीला दहा फंड होते, प्रत्येकात 100 घातले. पाच वर्षांनी सात चालू आहेत आणि त्यांचे झाले 170, 160, 155, 150, 145, 140 आणि 130. बेरीज 1050, सरासरी 150. उरलेले तीन असे:

पहिला तिसऱ्या वर्षाअखेर विलीन झाला. तेव्हा त्याचे 105 झाले होते. ज्यात विलीन झाला तो फंड पुढच्या दोन वर्षांत एकूण 20 टक्के वाढला, म्हणून शेवटी 126.

दुसरा दुसऱ्या वर्षाअखेर गुंडाळला गेला आणि 90 हातात आले. हे पैसे कुठे गेले ते आपल्याला माहीत नाही. अशा वेळी ते त्या दिवशी चालू असलेल्या बाकीच्या फंडांत समान वाटून घातले असे धरावे. त्या फंडांत घातलेली रक्कम पुढच्या तीन वर्षांत 30 टक्के वाढली, म्हणून 117.

तिसरा चौथ्या वर्षाअखेर 110 वर असताना विलीन झाला. नवा फंड पाचव्या वर्षी 10 टक्के वाढला, म्हणून 121.

या तिघांची बेरीज 364. दहाही फंडांची बेरीज 1414, सरासरी 141.4. आता दोन्ही सरासऱ्या वार्षिक करून घ्या. स्प्रेडशीटमध्ये असे लिहा:

```
=1.5^(1/5)-1
=1.414^(1/5)-1
```

पहिले उत्तर 8.4 टक्के, दुसरे 7.2 टक्के. दशांशापुढचे सगळे आकडे धरले तर फरक वर्षाला सुमारे 1.3 टक्के. याच काळात निर्देशांक 100 वरून 146 वर गेला असेल, तर त्याचा वार्षिक परतावा 7.9 टक्के होतो. आजची यादी बघणारा म्हणेल की सरासरी फंडाने निर्देशांकाला हरवले. सुरुवातीची यादी बघणाऱ्याला दिसेल की सरासरी फंड मागे राहिला. बाजार तोच, फंड तेच, फक्त तिघे मोजायचे राहिले होते.

मेलेल्यांना शून्य धरले असते तर सरासरी 105 आली असती, म्हणजे वर्षाला जेमतेम 1 टक्का. एक फुगवटा काढायला जाऊन उलट्या दिशेने त्याहून मोठी चूक झाली असती.

इथे आणखी एक घसरण टाळा. दोन वर्षे चाललेल्या फंडाचा वार्षिक परतावा उणे 5.1 टक्के काढायचा आणि तो पाच वर्षे चाललेल्यांच्या वार्षिक परताव्यांत मिसळून सरासरी घ्यायची, असे करू नका. कालावधी वेगळे आहेत, त्यामुळे त्या सरासरीला अर्थ उरत नाही. फंड शेकड्यांनी असतील आणि प्रत्येकाचे पैसे पुढे नेणे जमत नसेल, तर महिन्यामहिन्याने मोजा. महिन्याच्या सुरुवातीला जितके जिवंत होते तितक्यांचा त्या महिन्याचा सरासरी परतावा घ्या आणि महिने एकामागोमाग गुणत न्या. फंडाचा शेवटचा, अर्धवट महिना मात्र सोडू नका.

जुनी यादी मिळालीच नाही तर

तरीही अंदाज बांधता येतो. सगळ्यांच्या सरासरीपेक्षा तगलेल्यांची सरासरी किती जास्त आहे, हे दोन गोष्टींवर ठरते: किती टक्के फंड मेले, आणि मेलेल्यांत पैसे घालणारे तगलेल्यांच्या किती मागे राहिले. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजेच फुगवटा. वरच्या उदाहरणात 30 टक्के फंड मेले. तगलेल्यांची सरासरी 150, मेलेल्यांची 121.33. फरक 28.67, त्याचे 30 टक्के म्हणजे 8.6. आणि 150 वजा 141.4 बरोबर 8.6 च होतात.

किती टक्के तगले, हा आकडा पुष्कळदा छापलेला सापडतो. एस अँड पी कंपनीचे स्पिवा नावाचे अहवाल फंडांची निर्देशांकाशी तुलना करताना सुरुवातीची संख्या पायाभूत धरतात आणि शेवटपर्यंत किती टक्के उरले तेही देतात. परताव्याचा दावा वाचण्याआधी मी आता हा रकाना पाहतो. कालावधी जितका लांब, तितके मेलेले जास्त. म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या सरासरीकडे एका वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त संशयाने बघावे.

ही दुरुस्ती कुठे कमी पडते

फंड मेला म्हणजे तो वाईटच होता असे नाही. एका फंड हाउसने दुसरे विकत घेतले की एकसारखे दोन फंड एकत्र केले जातात, आणि त्यात चांगला फंडही जातो. अशा विलीनीकरणांमुळे फुगवटा कमी होतो. हेज फंडांत तर उलटेही घडते. ज्याला नवे पैसे नकोत असा उत्तम चाललेला फंड माहितीसंचाला आकडे देणेच थांबवतो. तो मेलेला दिसतो, पण मेलेला नसतो. म्हणून तिथे ‘माहिती थांबली’ आणि ‘फंड बंद झाला’ हे दोन वेगळे शेरे ठेवा.

वजनाचाही प्रश्न आहे. वर प्रत्येक फंडाला सारखे वजन दिले. पण बंद होणारे फंड बहुधा लहान असतात. फंडातल्या रकमेप्रमाणे वजन दिले तर फुगवटा कमी दिसतो. ‘कोणताही एक फंड डोळे झाकून निवडला असता तर’ हे जाणून घ्यायचे असेल तर सारखे वजन घ्या. ‘सगळ्या गुंतवणूकदारांचे मिळून काय झाले’ हे हवे असेल तर रकमेचे वजन घ्या. कोणते घेतले ते उत्तराशेजारी लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने आपल्यालाच आठवत नाही.

नव्या फंडांच्या जुन्या आकड्यांकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. काही फंड हाउस थोड्या पैशांवर चार-पाच फंड आतल्या आत चालवतात आणि ज्याचे जमले तोच लोकांसमोर आणतात, त्याच्या आधीच्या वर्षांसकट. बाकीचे कोणत्याही जुन्या यादीत कधी आलेलेच नसतात. यावर एकच उपाय: फंड ज्या दिवशी लोकांसाठी खुला झाला, त्याआधीचे सगळे आकडे खोडून टाका.