धनतेरसच्या दिवशी बिलात कर दोनदा लागला तर: चूक कुठे शोधावी आणि पैसे कसे परत करावेत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भांड्यांचे आणि मिक्सर-पंख्यांचे दुकान आहे, असे समजा. सोयाबीन नुकतेच विकले गेले आहे, धनतेरस आहे आणि सकाळी साडेनऊपासून काउंटरवर रांग लागली आहे. बाहेरच्या पाटीवर पंख्याचा भाव १,७७० लिहिला आहे. बारा वाजायच्या सुमारास एक गिऱ्हाईक पंख्याचा खोका घेऊन परत येते.

"काहून जी, डब्यावर दोन हजार लिवलं हाये, अन् तुमचं बिल दोन हजार नव्याऐंशीचं? हे वरचे कायचे?"

दुकानदार म्हणतो, मशीन बिघडली, आता पावती पुस्तकावर हाताने बिल फाडू. गल्ल्यावर बसलेली त्याची लेक म्हणते, "बाबा, पाच मिनिटं थांबा. आधी बिल पाहू द्या." पुढच्या पायऱ्या याच दुकानाच्या उदाहरणावर बेतल्या आहेत. आकडे आपल्या दुकानाचे घालावेत.

पायरी १: कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कागदी बिल वाचा

घाईत बहुतेक जण पहिल्यांदा सेटिंग बदलतात. मग मूळ चूक कुठे होती ते कधीच कळत नाही. त्याऐवजी चुकलेले एक बिल आणि कॅल्क्युलेटर घ्या.

पाटीवरचा भाव करासकट असतो. पंख्यावर जीएसटी १८ टक्के आहे. म्हणून १,७७० ला १०० ने गुणून ११८ ने भागा. उत्तर येते १,५००. ही करपात्र किंमत झाली. उरलेले २७० रुपये कराचे: १३५ केंद्राचे, १३५ राज्याचे. बरोबर बिलात हेच तीन आकडे दिसायला हवेत.

मुलीच्या हातातल्या बिलात करपात्र किंमत १,७७० होती. त्यावर १५९.३० आणि १५९.३० असा कर लागून बेरीज २,०८८.६० झाली आणि राउंड ऑफ होऊन २,०८९ छापले गेले. म्हणजे सॉफ्टवेअरने करासकट भावालाच मूळ किंमत समजून त्यावर पुन्हा कर चढवला होता.

इथे नुसत्या बेरजेवरून निदान करू नका. आयटमला एकदा कर लागला आणि बिलाच्या तळाशी पूर्ण रकमेवर पुन्हा लागला, तरी बेरीज २,०८८.६० च येते. फरक करपात्र किमतीच्या रकान्यात दिसतो. तिथे १,७७० असेल तर चूक भावाच्या नोंदीत आहे. तिथे १,५०० असेल आणि तळाशी कराची एक जास्तीची ओळ असेल, तर बिलाच्या साच्यात कुणीतरी वेगळा कर जोडला आहे. करपात्र किंमत १,५०० आणि बेरीज २,०४० असेल, तर आयटमचा दर दुप्पट झाला आहे. केंद्र ९ आणि राज्य ९ घालायच्या जागी दोन्हीकडे १८ भरले की असे होते.

पायरी २: एकाच बिलातली बरोबर ओळ शोधा

मुलीने दुसरे एक बिल काढले. त्यात एक पंखा आणि एक स्टीलचा टिफिन होता. पंख्याची ओळ चुकलेली, पण टिफिनची ओळ ठीक: भाव ४२०, त्यात करपात्र ४०० आणि ५ टक्क्यांनी कर २०. एकाच बिलात एक ओळ बरोबर आणि एक चूक आली, की बिलाचा साचा निर्दोष आहे हे पक्के झाले. दोष त्या ठरावीक आयटममध्ये आहे.

मग प्रश्न उरतो की पंख्याचे काय बदलले जे टिफिनचे बदलले नाही. उत्तर सोपे होते. आदल्या रात्री धनतेरसचे उतरवलेले भाव एक्सेल शीटमधून सॉफ्टवेअरमध्ये चढवले होते. भाव फक्त मिक्सर आणि पंख्यांचे उतरवले होते. भांड्यांना हात लावला नव्हता. शीटमध्ये `Tax Inclusive` नावाचा एक रकाना होता आणि तो रिकामा राहिला. रिकाम्या रकान्याचा अर्थ सॉफ्टवेअरने "नाही" असा घेतला, म्हणजे भावात कर धरलेला नाही. आधी प्रत्येक आयटमवर "हो" होते, ते नव्या शीटने पुसले.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच `With Tax` आणि `Without Tax` अशा शब्दांत असू शकते. आयटम उघडा, विक्रीच्या भावाशेजारी पाहा. बहुतेक ठिकाणी तिथेच छोटा पर्याय असतो.

मिक्सरची तक्रार कुणीच केली नव्हती, याचे कारणही लक्षात घ्या. मिक्सरची एमआरपी ३,५४० आणि धनतेरसचा भाव २,९५०. चुकीचे बिल ३,४८१ आले. ते एमआरपीच्या आतच होते, म्हणून खोक्यावर पाहणाऱ्याला काही खटकले नाही. सूट जवळजवळ सगळी दुसऱ्या कराने खाल्ली. पंख्याची सूट लहान होती, म्हणून बिल एमआरपीच्या वर गेले आणि चूक उघडी पडली. सेलच्या दिवशी फक्त तक्रार आलेला माल तपासून भागत नाही. ज्यावर मोठी सूट आहे तो आधी तपासा.

पायरी ३: दुरुस्ती, आणि दोन चुकीचे उपाय

आधी बॅकअप घ्या. मग चुकलेल्या आयटमवर पर्याय `Tax Inclusive` करा. आयटम दहा-बारा असतील तर हातानेच करा. गर्दीत दुसरे शीट चढवून नवी चूक ओढवून घेऊ नका.

पहिला चुकीचा उपाय म्हणजे आयटमचा कर शून्य करणे. बेरीज लगेच १,७७० येते आणि सगळ्यांना हायसे वाटते. पण बिलावर करच दिसत नाही, विवरणपत्रात तो माल करमुक्त म्हणून जातो, आणि कर तर द्यायचाच असतो. मग तो दुकानदाराच्या खिशातून जातो.

दुसरा उपाय म्हणजे भाव १,५०० करून ठेवणे. बिल बरोबर येते, पण बारकोडच्या स्टिकरवर १,५०० छापले जाते आणि पुढच्या वेळी कुणी पर्याय सुधारला की पंखा १,५०० ला विकला जातो. गर्दी निघेपर्यंत नाइलाज म्हणून चालेल, पण रात्री मूळ जागी दुरुस्ती कराच.

दुरुस्तीनंतर एक पंखा, दोन मिक्सर आणि एक टिफिन असे चाचणीचे बिल बनवा. नग एकपेक्षा जास्त घ्या आणि एका ओळीवर सूटही देऊन पाहा. करपात्र किंमत प्रत्येक ओळीत हाताच्या हिशेबाशी जुळली की ते बिल रद्द करा, पुसू नका. क्रमांक मध्येच गायब झाला तर महिन्याच्या शेवटी हिशेब लागत नाही. होल्डवर ठेवलेली बिले आणि दुसऱ्या काउंटरचा कॉम्प्युटर जुनाच भाव धरून बसतात. होल्डची बिले नव्याने बनवा, दुसरा कॉम्प्युटर बंद करून चालू करा.

पायरी ४: किती बिले चुकली ते काढा

सेटिंग सुधारले तरी आधी छापलेली बिले आपोआप बदलत नाहीत. आयटमनिहाय विक्रीचा अहवाल एक्सेलमध्ये काढा. समजा C मध्ये नग, D मध्ये पाटीवरचा करासकट भाव आणि E मध्ये बिलावरची करपात्र किंमत आहे. D चा भाव तुमच्या स्वतःच्या भावयादीतून घ्या. मग शेजारच्या रकान्यात हे घाला:

```
=IF(ABS(E2-C2*D2)<0.05,"चूक","ठीक")
```

करपात्र किंमत पाटीवरच्या भावाइतकीच आली तर ओळ चुकलेली. दोन अपवाद ध्यानात ठेवा: करमुक्त मालही "चूक" दिसेल, आणि काउंटरवर वेगळी सूट दिलेली चुकीची ओळ "ठीक" दिसेल. सूट दिलेल्या ओळी डोळ्यांनीच पाहा.

या दुकानात बारा बिले निघाली: पाच मिक्सरची, सात पंख्यांची. मिक्सरमागे ५३१ आणि पंख्यामागे राउंड ऑफ धरून ३१९ रुपये जास्त घेतले होते. एकूण ४,८८८.

पायरी ५: पैसे परत, आणि हिशेबात नोंद

गिऱ्हाईक समोर उभे असेल तर जुने बिल परत घ्या, रद्द करा, नवे द्या. बिल घेऊन ते घरी गेले असेल तर क्रेडिट नोट बनवा आणि त्यात मूळ बिलाचा क्रमांक व तारीख घाला.

क्रेडिट नोटच्या आकड्यांत बहुतेक जण चुकतात. गिऱ्हाईक म्हणते की ३१९ रुपये कर जास्त घेतला, आणि दुकानदारही सगळी रक्कम कराच्या रकान्यात टाकतो. बिलाशी ताडून पाहा. बरोबर बिलात करपात्र किंमत १,५०० आणि कर २७०. चुकीच्या बिलात १,७७० आणि ३१८.६०. म्हणजे किंमत २७० ने फुगली आणि कर ४८.६० ने. क्रेडिट नोटमध्ये करपात्र २७०, केंद्राचा कर २४.३०, राज्याचा २४.३० लिहा. ४० पैसे राउंड ऑफचे. मिक्सरसाठी ४५० आणि ८१.

एखादे बिल जीएसटी क्रमांकावर कापले असेल, गावातल्या ठेकेदाराचे किंवा खानावळीचे, तर त्यांना लगेच फोन करा. त्यांनी जास्तीच्या कराची वजावट घेतली तर त्यांनाही ती परत फिरवावी लागते. दर महिन्याला जीएसटीआर-१ भरणाऱ्यांसाठी शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ११ आहे. त्याआधी नोंदी झाल्या तर सगळे त्याच महिन्यात मिटते. क्रेडिट नोट दाखवायची कायद्यातली कमाल मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत आहे, पण तोवर थांबू नका.

दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर हा सगळा हिशेबच वेगळा होतो. अशा दुकानाने बिलावर कर एकदाही लावायचा नसतो. कराची ओळ दिसली की तीच चूक.

बारापैकी दहा बिलांवर मोबाइल नंबर होते. मुलीने दुपारीच फोन लावले: "काका, बिलात ३१९ रुपये जास्त लागले. बाजारात याल तेव्हा घेऊन जा, नाही तर माणूस पाठवतो." दोन बिलांवर नंबर नव्हता. तिने त्या दोन बिलांचे क्रमांक, माल आणि परतीची रक्कम कागदावर लिहून काउंटरच्या काचेवर चिकटवली. ते पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले. ती दोन गिऱ्हाइके येईपर्यंत त्यांची क्रेडिट नोट बनवायची नाही असे तिने ठरवले, कारण बिलावर दाखवून घेतलेला कर गिऱ्हाइकाला परत केला नसेल तर तो सरकारकडेच भरावा लागतो. भाऊबीजेच्या बाजाराला त्यातले एक गिऱ्हाईक काचेवरचा कागद वाचून आत आले.