हिजरी वय आणि इंग्रजी वय : हिशेब कसा जुळवायचा

औरंगजेब मेला तेव्हा किती वर्षांचा होता? एका पुस्तकात अठ्ठ्याऐंशी सापडेल, दुसऱ्यात एक्याण्णव. छपाईची चूक म्हणून आपण पुढे जातो, पण इथे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्याने सूर्याची वर्षे मोजली, दुसऱ्याने चंद्राची. हा तीन वर्षांचा फरक कुठून आला ते आधी समजून घेऊ आणि मग कोणाचेही वय एका मोजणीतून दुसरीत कसे न्यायचे ते पाहू. कागद, पेन्सिल आणि जोडीला मोबाइलमधले गणकयंत्र एवढे पुरते.

चंद्राचे वर्ष आखूड का

एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. ऋतूंचे वर्ष ३६५.२४ दिवसांचे. म्हणजे बारा चांद्रमहिने संपतात तेव्हा ऋतूंचे वर्ष पुरे व्हायला अजून जवळपास ११ दिवस बाकी असतात.

आपल्या पंचांगातले बारा महिनेही चंद्राचेच आहेत आणि त्यांचीही बेरीज ३५४च्या आसपासच येते. तरी दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही, कारण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून ही तूट भरून काढली जाते. हिजरी कालगणनेत ही भरपाई नाही. इस्लामपूर्व अरबांत महिने पुढे ढकलण्याची ‘नसी’ नावाची प्रथा होती, ती कुराणाच्या सूरह तौबामध्ये निषिद्ध ठरवली गेली आणि वर्ष बारा महिन्यांचे ठरले. त्यामुळे गणेशचतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरच्या पट्ट्यात मागेपुढे होत राहते, तर रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा सुरू होईल आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा.

वर्ष आखूड, म्हणून तेवढ्याच काळात ती जास्त भरतात. चंद्र घाई करतो असे काही नाही. जगलेले दिवस तेवढेच असतात, त्यांना ३६५ ऐवजी ३५४ने भागले जाते, इतकेच.

पायरी पहिली : तोंडी अंदाज

दरवर्षीचे ११ दिवस साठत साठत ३२ सौर वर्षांत जवळजवळ एक अख्खे चांद्रवर्ष होते. ३३ हिजरी वर्षे म्हणजे ३२ इंग्रजी वर्षे आणि वर सहा दिवस. हा एवढा एक आकडा पाठ असला की पुरे.

इंग्रजी वयावरून हिजरी वय हवे असेल तर वयाला ३२ने भागा आणि आलेला भाग वयात मिळवा. उलट दिशेने जायचे तर हिजरी वयाला ३३ने भागून आलेला भाग वजा करा. चौसष्ट वर्षांच्या माणसाचे हिजरी वय सहासष्ट होते. गणकयंत्र हाताशी असेल तर १.०३०७ने गुणा, उलट दिशेला ०.९७०२ने. लहान वयात फरक महिन्यांचाच असतो. पंधरा हिजरी वर्षे म्हणजे साधारण साडेचौदा इंग्रजी वर्षे, आणि साठ हिजरी वर्षे म्हणजे अठ्ठावन वर्षे अडीच महिने.

पण हा अंदाज आहे. वाढदिवस कोणत्या तारखेला पडतो हे त्यातून कळत नाही.

पायरी दुसरी : नेमके वय

नेमके वय काढताना इंग्रजी वयाला गुणत बसू नका. जन्मतारीख आणि ज्या दिवशीचे वय हवे ती तारीख, दोन्ही आधी हिजरीत आणा. तारीख बदलून देणारी साधने इंटरनेटवर भरपूर आहेत. मग वर्षातून वर्ष, महिन्यातून महिना आणि दिवसातून दिवस वजा करा. दिवस कमी पडले तर मागचा महिना हातचा घ्यावा लागतो. तो २९चा होता की ३०चा हे पाहून घ्या, सरसकट ३० धरू नका.

स्वातंत्र्यदिनी जन्मलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९४७ हा २७ रमजान १३६६ होता, शुक्रवार. भारतात २०२५चा पहिला रोजा २ मार्चला होता, म्हणून १४४६ सालचा २७ रमजान २८ मार्चला आला. १४४६ वजा १३६६ म्हणजे पूर्ण ऐंशी. इंग्रजी हिशेबाने त्या दिवशी त्या माणसाला सत्त्याहत्तर वर्षे, सात महिने आणि तेरा दिवस झाले होते. ऐंशीचा इंग्रजी वाढदिवस अजून दोन वर्षांहून लांब होता. आणि गंमत अशी की २८ मार्चही शुक्रवारच होता, दोन्ही वर्षी रमजानचा शेवटचा जुमा.

पायरी तिसरी : पडताळा

दोन मोजण्या बरोबर आहेत की नाही हे दिवस मोजून कळते. वरच्या उदाहरणात ऐंशी हिजरी वर्षांना ३५४.३६७ने गुणले की २८,३४९ आणि थोडे येतात. १५ ऑगस्ट १९४७ ते २८ मार्च २०२५ हे इंग्रजी दिवस मोजले तर २८,३५० भरतात. एखाद-दोन दिवसांचा फरक चालतो, कारण महिना चंद्रदर्शनावर सुरू होतो आणि भारतातला चंद्र अनेकदा सौदीच्या एक दिवस मागे असतो. फरक दहा-अकरा दिवसांचा किंवा त्याहून मोठा आला तर कुठेतरी वर्ष किंवा पंचांग चुकले आहे असे समजा.

एक दिवसाची चूक आणखी एका कारणाने होते. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री नऊला जन्मलेल्या बाळाची हिजरी तारीख दुसऱ्या दिवसाची असते, आणि इंटरनेटवरची साधने बहुधा दुपारची तारीख देतात. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर हातानेच एक दिवस वाढवा.

औरंगजेबाचा हिशेब

आता ते अठ्ठ्याऐंशी आणि एक्याण्णव. औरंगजेबाचा जन्म दोहद येथे १५ जिल्काद १०२७ला झाला आणि मृत्यू अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) २८ जिल्काद १११८ला. महिना तोच असल्यामुळे वजाबाकी सोपी आहे : एक्याण्णव वर्षे आणि तेरा दिवस.

इंग्रजी तारखांकडे वळलात की खरा घोटाळा सुरू होतो. जन्माची तारीख कुठे २४ ऑक्टोबर १६१८ दिसते, कुठे ३ नोव्हेंबर. मृत्यूची कुठे २० फेब्रुवारी १७०७, कुठे ३ मार्च. या चार तारखा म्हणजे दोनच दिवस आहेत. २४ ऑक्टोबर आणि २० फेब्रुवारी ही जोडी जुन्या ज्युलियन पंचांगाची, ३ नोव्हेंबर आणि ३ मार्च ही आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची. इंग्लंडने नवे पंचांग १७५२ साली स्वीकारले, त्यामुळे त्याआधीच्या इंग्रजी कागदांत जुनी तारीख असते. दोन्ही तारखा एकाच पंचांगातल्या घ्या. ३ नोव्हेंबर १६१८ ते ३ मार्च १७०७ म्हणजे बरोबर अठ्ठ्याऐंशी वर्षे चार महिने. जन्म जुन्या पंचांगातून आणि मृत्यू नव्यातून घेतलात तर वय दहा दिवसांनी फुगते आणि चूक लक्षातही येत नाही.

पडताळाही करून पाहू. ३ नोव्हेंबर १६१८ ते ३ मार्च १७०७ हे ३२,२६१ दिवस होतात. एक्याण्णव गुणिले ३५४.३६७ अधिक तेरा म्हणजे ३२,२६० आणि थोडे. इतके जुळल्यावर शंका उरत नाही.

कोणते वय कुठे चालते

शरियतमध्ये वयाची अट असते तिथे चांद्रवर्ष धरतात. वयात येण्याची इतर लक्षणे दिसली नाहीत तर पंधरा वर्षांची जी मर्यादा अनेक फकीह म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार मानतात ती हिजरी आहे, म्हणजे इंग्रजी साडेचौदा. सौदी अरेबियात निवृत्तीचे वय वर्षानुवर्षे साठ हिजरी वर्षे होते, म्हणजे माणूस इंग्रजी साठीच्या पावणेदोन वर्षे आधीच मोकळा होई. तिथे सरकारी पगारही १ ऑक्टोबर २०१६पर्यंत हिजरी महिन्यांनी मिळत. त्या दिवसापासून ते इंग्रजी महिन्यांवर गेले आणि वर्षाकाठी ११ दिवसांचे काम त्याच पगारात वाढले. कोकणातून आखातात गेलेल्यांनी इकाम्याची म्हणजे तिथल्या निवास परवान्याची मुदत वाचताना तारीख हिजरी आहे का हे आधी पाहावे. हिजरी वर्षाची मुदत इंग्रजीपेक्षा ११ दिवस लवकर संपते.

भारतात प्रश्न मिटलेला आहे. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टनुसार कायद्यातले ‘वर्ष’ ब्रिटिश पंचांगाचे धरले जाते. घरच्या वहीत हिजरी तारीख लिहिलेली असली तरी मतदानाची अठरा वर्षे इंग्रजीच.

जुने मराठी कागद वाचत असाल तर

इथे एक सापळा आहे आणि तो आपल्याच दफ्तरांतला आहे. पेशवाईतल्या पत्रांवर ‘छ’ लिहून तारीख असते, पुढे रमजान, जिल्काद असे महिन्याचे नाव, आणि वर्ष अरबी शब्दांत. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. दिवस आणि महिना हिजरीच आहेत, म्हणून वर्षही हिजरीच असणार असे वाटते. ते तसे नसते. वर्ष शुहूर सनाचे असते, आणि हा सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतो. शेतसारा पिकांवर, पिके पावसावर, आणि पाऊस सूर्यावर, म्हणून महसुलाला चांद्रवर्ष परवडत नव्हते. अकबराने १५८४ साली सौर इलाही सन काढला त्यामागेही हीच अडचण होती.

शुहूर आणि हिजरी यांचे आकडे इसवी सन १३४४ला जुळतात, दोन्हींत ७४५. तिथून दोघे वेगळे झाले. इसवी सनातून ६०० वजा केले की शुहूर वर्ष येते, मृगानंतरच्या महिन्यांसाठी ५९९. औरंगजेबाच्या मृत्यूच्या वेळी शुहूर वर्ष ११०७ होते, म्हणजे ‘सबा मया व अलफ’, आणि हिजरी १११८. कोणी मृत्यूचे शुहूर ११०७ धरून जन्माचे हिजरी १०२७ त्यातून वजा केले तर औरंगजेब ऐंशीव्या वर्षीच मरतो.

म्हणून अशा कागदावरून वय काढताना आधी वर्षाचा सन ओळखा. दोन्ही वर्षे शुहूर असतील तर येणारे उत्तर सौर वर्षांतच असते, त्याला १.०३०७ वगैरे काही लावायचे नाही. सन ओळखता येत नसेल तर १३४४पासून किती सौर वर्षे गेली ते काढून ३२ने भागा. १७०७पर्यंत ३६३ गेली, भाग अकरा. हिजरी आणि शुहूर यांत त्या काळी तेवढ्याच वर्षांचे अंतर असायला हवे, आणि १११८ व ११०७ यांत ते बरोबर अकराच आहे. २०२५च्या पावसाळ्याच्या तोंडावर शुहूर १४२६ लागले आणि जूनअखेर हिजरी १४४७ सुरू झाले, तेव्हापासून अंतर एकवीस.