एटकिनचं सूत्र लावताय? आधी या चुका टाळा

क्रमिका उत्तराकडे रखडत चालली की मुलं तिचा वेग वाढवायला थेट एटकिनचं सूत्र लावतात. सूत्र एका ओळीचं असल्यामुळे ते लावण्याआधी दोन मिनिटं थांबून क्रमिकेकडे बघावं असं कोणाला वाटतच नाही. दर वर्षी प्रॅक्टिकलला त्याच चुका तपासून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

उदाहरण जुनंच घेऊ. व्यास १ असलेल्या वर्तुळात नियमित बहुभुज काढायचा, बाजू ६ पासून दुप्पट करत जायचं आणि दर वेळी परिमिती मोजायची. उत्तर अर्थात π. परिमिती अशा येतात: ६ बाजूंना ३, १२ ला ३.१०५८२८५४१, २४ ला ३.१३२६२८६१३, ४८ ला ३.१३९३५०२०३ आणि ९६ ला ३.१४१०३१९५१. आर्किमिडीज ९६ बाजूंपर्यंत गेला होता, आपणही तिथेच थांबू.

शेवटच्या पदालाच उत्तर मानणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एटकिनचं सूत्र रेषीय अभिसरणासाठी आहे, आणि ते ओळखायचं तर लागोपाठच्या त्रुटींचं गुणोत्तर एका ठरावीक संख्येकडे जातं का, ते बघायचं. ती संख्या शून्य नको आणि तिचं निरपेक्ष मूल्य १ पेक्षा कमी हवं. पण त्रुटी काढायला खरं उत्तर लागतं, आणि ते तर आपल्याला शोधायचंय. मग मुलं काय करतात? शेवटचं पद हेच उत्तर धरतात आणि बाकीची पदं त्यातून वजा करतात.

वरच्या आकड्यांवर करून बघा. ९६ बाजूंची परिमिती खरी मानली तर त्रुटी येतात ०.१४१०३२, ०.०३५२०३, ०.००८४०३, ०.००१६८२ आणि शेवटी शून्य. गुणोत्तरं ०.२४९६, ०.२३८७, ०.२००१ आणि मग सपशेल शून्य. वहीत निष्कर्ष असतो: "अभिसरण वाढत्या वेगाने होत आहे." काहीही वाढत नाहीये. शेवटची त्रुटी आपण स्वतःच शून्य ठरवली, तिच्या शेजारचे आकडे त्यामुळे खाली ओढले गेले.

मी त्रुटींच्या वाटेला जातच नाही. लागोपाठच्या पदांचे फरक घेतो आणि त्या फरकांचं गुणोत्तर काढतो. फरक आहेत ०.१०५८२८५, ०.०२६८००१, ०.००६७२१६, ०.००१६८१७. गुणोत्तरं ०.२५३२, ०.२५०८, ०.२५०२. म्हणजे दर पायरीला त्रुटी साधारण चौथाई होते. क्रमिका खरोखर रेषीय असेल तर फरकांचं गुणोत्तर आणि त्रुटींचं गुणोत्तर एकाच संख्येकडे जातात, आणि फरक काढायला उत्तर माहीत असावं लागत नाही.

आता सूत्राचा अर्थही कळतो. पुढचे सगळे फरक जवळजवळ भूमितीय श्रेढीत आहेत, तिची बेरीज शेवटच्या पदात मिळवायची, एवढंच एटकिन करतो:

```
A = x2 - (x2 - x1)^2 / ((x2 - x1) - (x1 - x0))
```

शेजारची तीन-तीन पदं घेतली की तीन नवी मूल्यं मिळतात: ३.१४१७१७०३३, ३.१४१६००३६२, ३.१४१५९३१३४. ही नवी क्रमिका झाली, तिलाही तीच तपासणी. तिच्या दोन फरकांचं गुणोत्तर ०.०६२ येतं, म्हणजे एक सोळांशाच्या जवळ. तेव्हा सूत्र पुन्हा लावायला हरकत नाही. उत्तर येतं ३.१४१५९२६५७, खरा π ३.१४१५९२६५४. मूळच्या ९६ बाजूंना तीनच दशांश जुळत होते. जपानच्या सेकी ताकाकाझूने हीच युक्ती २¹⁵, २¹⁶ आणि २¹⁷ बाजूंच्या परिमितींवर वापरली होती. त्याचं काम १७१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. एटकिनचा लेख १९२६ चा.

गुणोत्तर एकदाच बघून थांबणं

एका बॅचला १/n² ची बेरीज दिली होती. उत्तर π²/६, म्हणजे १.६४४९३४. एका हुशार, पण घाईच्या मुलाने प्रोग्रॅम असा लिहिला की पद ०.०००००१ पेक्षा लहान झालं की थांबायचं. तो हजाराव्या पदाच्या आसपास थांबला आणि उत्तर दिलं १.६४३९३५, "सहा दशांशांपर्यंत अचूक" या शेऱ्यासह. तिसराच दशांश चुकलेला. मी म्हटलं, वेग वाढवून बघ. त्याने शेवटच्या तीन बेरजांवर एटकिन लावला आणि १.६४४४ घेऊन आला. वर मलाच म्हणतो, "सर, पुस्तकातलं उत्तर एकदा तपासायला हवं."

विचारलं, गुणोत्तर बघितलंस का? बघितलं होतं, पण फक्त सुरुवातीला. ११ व्या आणि १२ व्या पदाचं गुणोत्तर ०.८४ येतं. एकपेक्षा कमी आहे, म्हणून त्याने रेषीय लिहून टाकलं. जरा पुढे गेला असता तर दिसलं असतं: २१ आणि २२ ला ०.९११, १०० आणि १०१ ला ०.९८०. हे गुणोत्तर १ कडे चाललंय. इथे n पदांनंतर त्रुटी साधारण १/n उरते, आणि अशा क्रमिकेवर एटकिन त्रुटी फक्त निम्मी करतो. पद लहान झालं म्हणजे त्रुटी लहान झाली, हेही इथे खोटं: पद दहालक्षांश, त्रुटी सहस्रांश.

इथे माझी सवय अशी की सगळ्या बेरजा घ्यायच्याच नाहीत. फक्त १, २, ४, ८ आणि १६ पदांच्या घ्यायच्या: १, १.२५, १.४२३६११, १.५२७४२२, १.५८४३४७. पदं दुप्पट झाली की त्रुटी निम्मी होते, म्हणून ही निवडक क्रमिका रेषीय होते. फरकांची गुणोत्तरं ०.६९४, ०.५९८, ०.५४८ अशी अर्ध्याकडे उतरत जातात. एटकिनची एक फेरी १.८१८१८२, १.६८१८१६, १.६५३४५८ देते आणि दुसरी १.६४६०१३. त्रुटी ०.००११. त्या पोराला एवढ्यासाठी हजार पदं लागली होती.

बाकीच्या

सूत्र एका अपूर्णांकात कोंबून x0·x2 − x1² असं लिहू नका, जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत सगळे अंक जातात. छेद शून्य आला तर बहुधा अंक संपलेत, तिथेच थांबा.

मधली उत्तरं सहा दशांशांपर्यंत तोडून वहीत उतरवणं ही कॅल्क्युलेटरवाल्यांची खास सवय. वरच्या परिमिती तशा तोडल्या तर पहिल्या फेरीचं शेवटचं मूल्य ०.०००००१६ ने सरकतं, आणि दुसऱ्या फेरीने करायची दुरुस्तीच मुळी ०.००००००४८ ची आहे. दुसरी फेरी मग निव्वळ गोंगाटावर चालते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर मी गुणोत्तरं पुन्हा काढतो. ती सुरळीत न सरकता इकडेतिकडे उड्या मारू लागली की आधीच्या फेरीचं उत्तर देऊन टाकतो.